गुरुवारी ऑडिट, गुरुवारीच डॉक्टर

थायरॉइडच्या गोळीचा डोस बदलला की डॉक्टर साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा टीएसएच तपासून घ्यायला सांगतात, कारण नव्या डोसवर तो स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. समजा, बँकेत काम करणाऱ्या एका बाईंना एंडोक्रायनॉलॉजिस्टनी गुरुवार, १२ तारीख, सकाळी साडेअकराची वेळ दिली आहे आणि मंगळवारी संध्याकाळी कळतं की त्याच दिवशी शाखेत ऑडिट आहे.

डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस ओपीडीत बसतात. ‘लवकरची वेळ द्या’ म्हणून गळ घालावी, असं वाटेल. पण इथे तारीख अलीकडे ओढण्यापेक्षा आठवडाभर पुढे ढकललेली बरी. सहा आठवड्यांच्या आत केलेली तपासणी फसवी निघू शकते. मात्र गोळ्या तोवर पुरतील ना, हे आधी बाटली उघडून पाहावं. दिवस गेले असतील किंवा छातीत धडधड, चक्कर असं काही नव्याने होत असेल, तर वेळ पुढे ढकलू नये. अशा वेळी सुट्टी मागायची ती ऑफिसात.

फोन बुधवारी दुपारी, ओपीडीची गर्दी ओसरल्यावर करावा, आणि तो डॉक्टरांच्या खासगी मोबाइलवर नव्हे, रिसेप्शनला. बोलणं एवढंच पुरतं: “नमस्कार मॅडम, उद्या १२ तारखेला साडेअकराची माझी वेळ आहे, फाइल नंबर अमुक. ऑफिसचं काम आल्यामुळे येता येणार नाही, ती वेळ दुसऱ्या कुणाला देता येईल. मला १७ किंवा १९ तारखेला मिळेल का? डोस बदलल्यानंतरची तपासणी आहे, आठवडाभर उशीर चालेल का, हे डॉक्टरांना विचारून सांगाल?”

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. रिसेप्शनिस्ट वेळ बदलू शकतात; उशीर चालेल की नाही, हे ठरवणं त्यांचं काम नाही. ‘पुढच्या गुरुवारी’ असं मोघम न म्हणता तारीखच सांगावी, नाहीतर दोघांच्या मनात दोन वेगवेगळे गुरुवार राहतात. फी आधी भरली असेल तर ती नव्या तारखेला चालेल का, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावं.

ऑडिटचं सगळं रामायण सांगायची गरज नाही. ‘ताप आलाय’ असं खोटं तर मुळीच सांगू नये. ते निरोपासोबत डॉक्टरांपर्यंत जातं आणि तपासताना त्या तापाची चौकशी होते. व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं असेल तर समोरून नवी तारीख लिहून येईपर्यंत वेळ बदलली असं धरू नका. नुसत्या दोन निळ्या टिकांवर विसंबून बरेच जण १९ तारखेला जातात आणि यादीत आपलं नावच नाही, हे तिथे गेल्यावर त्यांना कळतं.