रोजा आणि ग्लुकोजचं पाणी

रमजानमध्ये गरोदर सून साखरेच्या तपासणीला निघाली की घरात प्रश्न येतोच, उपाशी जायचं का? सरकारी दवाखान्यांतली पद्धत चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्यांच्या पुढाकारातून आली, तिला उपाशीपोट लागत नाही. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. मात्र पाणी पोटात गेलं की रोजा सुटला, म्हणून त्या दिवशी तो ठेवूच नये. गरोदर बाईला सवलत आहे, सुटलेला रोजा पुढे कजा म्हणून भरून काढता येतो.

पहिल्या भेटीत साखर ठीक आली तरी 24 ते 28 आठवड्यांत तपासणी पुन्हा करतात. समजा, सव्विसाव्या आठवड्यात आकडा आला 158. 140 किंवा त्याहून जास्त म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. मग दिवसभर उपास आणि इफ्तारला खजूर, सरबत, भजी एकदम, हे चालणार नाही. तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीनदा थोडं खाणं, असं वाटून घ्यायचं. ज्वारीच्या भाकरीनं साखर वाढत नाही, हा आपल्याकडचा लाडका गैरसमज! भाकरीही मोजूनच, सोबत डाळ, पालेभाजी, अंडं. दोन आठवड्यांनी जेवणानंतर दोन तासांची साखर 120 च्या खाली आली नाही, तर डॉक्टर गोळी किंवा इन्सुलिन सुरू करतात.