स्टेंट बसल्यावरची सिगारेट

हृदयविकाराचा झटका येऊन गेला, अँजिओप्लास्टी झाली, चार-पाच दिवसांनी रुग्ण घरी निघाला, की त्याच्या हातात औषधांची पिशवी असते. त्यात अ‍ॅस्पिरिन असतं, रक्त गोठू न देणारी आणखी एक गोळी असते, कोलेस्टेरॉलची आणि रक्तदाबाची असते. डिस्चार्जच्या कागदावर सगळ्यांत खाली एक ओळ लिहिलेली असते : धूम्रपान टाळा. ओढणाऱ्या माणसासाठी त्या कागदावरच्या मोजक्या सर्वांत मोलाच्या सूचनांपैकी ही एक असते, आणि पुष्कळदा नेमक्या तिच्याच पुढे औषधाचं नाव नसतं. रक्तदाब मनाच्या निर्धाराने उतरवा, असं कुठलाही डॉक्टर सांगत नाही. सिगारेटच्या बाबतीत मात्र ते सर्रास सांगितलं जातं.

रुग्णाच्या मनात तेव्हा वेगळाच हिशेब चालू असतो. तीस वर्षं ओढली, जे व्हायचं ते झालं, आता सोडून काय मिळणार? या प्रश्नाला बऱ्यापैकी नेमकं उत्तर उपलब्ध आहे. आधीच हृदयविकार जडलेल्या लोकांवर झालेले २० अभ्यास एकत्र करून ज्युलिया क्रिचली आणि सायमन केपवेल यांनी २००३ मध्ये निष्कर्ष मांडला. ज्यांनी ओढणं सोडलं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ओढत राहिलेल्यांपेक्षा सुमारे ३६ टक्क्यांनी कमी होतं. यात एक मेख आहे, ती सांगायला हवी. जो माणूस सिगारेट सोडतो, तो बहुधा गोळ्याही वेळेवर घेतो आणि चालायलाही जातो, त्यामुळे या फायद्यातलं सगळंच श्रेय सिगारेटच्या खात्यावर टाकता येत नाही. पण ही शंका धरूनही आकडा मोठाच राहतो.

इतका फायदा इतक्या लवकर कसा होतो, हे कळायला झटका कसा येतो ते पाहावं लागतं. हृदयाच्या रक्तवाहिनीत वर्षानुवर्षं चरबीचा थर साचतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण झटक्याच्या दिवशी सहसा वाहिनी थराने बंद होत नाही. थराला तडा जातो, त्यावर रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, चिकटतात आणि काही मिनिटांत गुठळी तयार होते. धुराचा मोठा वार या शेवटच्या टप्प्यावर असतो. तो प्लेटलेट्सना चिकट करतो, वाहिनीच्या आतल्या नाजूक अस्तराला सैल होऊ देत नाही आणि वाहिनी आकसवतो. त्याच वेळी धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. म्हणजे निकोटिनमुळे हृदय जोरात धावतंय, त्याला जास्त ऑक्सिजन हवाय, आणि नेमका तोच कमी पोचतोय.

धूर थांबला की यातल्या बहुतेक गोष्टी भराभर मागे फिरतात. कार्बन मोनॉक्साइडचं रक्तातलं प्रमाण साधारण चार-पाच तासांत निम्मं होतं, त्यामुळे एक-दोन दिवसांत ते न ओढणाऱ्याच्या पातळीजवळ येतं. प्लेटलेट्सचा चिकटपणा दोनेक आठवड्यांत कमी झालेला दिसतो. म्हणूनच सोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षात धोक्याचा आलेख एकदम खाली येतो. सिगारेटमुळे वाढलेला हृदयविकाराचा जादा धोका वर्षभरात साधारण निम्म्यावर येतो, असं अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या १९९० च्या अहवालात नमूद आहे.

उरलेला अर्धा भाग मात्र हट्टी आहे. साचलेला थर एका वर्षात विरघळत नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या हृदयाचा मागोवा घेतला जातो आहे. तिथल्या माहितीवर २०१९ मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. रोज एक पाकीट या हिशेबाने वीस वर्षं किंवा त्याहून जास्त ओढलेल्यांनी सिगारेट सोडली, तेव्हा पाच वर्षांच्या आत त्यांचा हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका ओढत राहिलेल्यांपेक्षा ३९ टक्क्यांनी कमी झाला. पण कधीच न ओढलेल्यांच्या तुलनेत तो पुढे कित्येक वर्षं, कदाचित पंचवीस वर्षांपर्यंत, थोडा चढाच राहिला. पंधरा वर्षांत सगळं पुसलं जातं, हे जुनं आश्वासन भारी ओढणाऱ्यांना तंतोतंत लागू होत नाही. तेव्हा दहा वर्षांपूर्वी सोडलेल्या माणसानेही नव्या डॉक्टरकडे 'पूर्वी ओढायचो' हे सांगावं. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करायची की नाही, या निर्णयात त्याला वजन आहे.

आता सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य : 'डॉक्टर, वीसवरून दोनवर आणलीय.' घरच्यांना वाटतं, नव्वद टक्के काम झालं. कर्करोगाच्या बाबतीत कमी ओढल्याचा काही हिशेब लागतो, हृदयाच्या बाबतीत तो फसवा आहे. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका मोठ्या विश्लेषणानुसार, रोज फक्त एक सिगारेट ओढणाऱ्यालाही वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्यापैकी जवळपास निम्मा धोका असतो. प्लेटलेट्स आणि वाहिनीचं अस्तर अगदी थोड्या धुरानेच बिघडतात. पुढच्या अठरा सिगारेटी त्यात तुलनेने थोडीच भर घालतात. त्यामुळे वीसची दोन करणं ही सोडण्याच्या वाटेवरची पायरी असेल तर ठीक, मुक्काम असेल तर नाही.

आपल्याकडे आणखी दोन पळवाटा आहेत. एक बिडीची, 'ती देशी, पानाची, हलकी' म्हणून. मुंबईत सुमारे एक लाख लोकांचा मागोवा घेतलेल्या अभ्यासात बिडी ओढणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षाही जास्त आढळलं. दुसरी पळवाट म्हणजे धूर सोडून तंबाखूचा बार भरणं. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात चघळण्याच्या तंबाखूनेही झटक्याचा धोका दुपटीच्या वर गेलेला दिसला.

राहता राहिलं औषध. समजा, पन्नाशीचा एक माणूस आहे. रोज वीस सिगारेटी, आणि त्यातली पहिली डोळे उघडल्यावर दहा मिनिटांत. दिवसाच्या आकड्यापेक्षा ही दहा मिनिटं डॉक्टरांना जास्त सांगून जातात. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत सिगारेट लागत असेल, तर निकोटिनचं व्यसन घट्ट आहे आणि औषधाशिवाय ते सुटायला अवघड जाणार. झटक्यामुळे तो चार दिवस रुग्णालयात होता, म्हणजे न ओढण्याचे पहिले चार दिवस पदरात पडलेलेच आहेत. औषध इथूनच सुरू झालेलं बरं.

त्याच्यासाठी सर्वांत परिणामकारक गोळी म्हणजे व्हॅरेनिक्लिन. मेंदूत निकोटिन ज्या जागी जाऊन बसतं, तिथे ही गोळी स्वतः बसते. ती त्या जागेला अर्धवट चालना देते, त्यामुळे तलफ कमी होते. आणि जागा अडवून ठेवते, त्यामुळे कुणी एखादी ओढलीच तर नेहमीची मजा येत नाही. पहिले तीन दिवस अर्धा मिलिग्रॅम एकदा, चौथ्या ते सातव्या दिवशी अर्धा मिलिग्रॅम दोनदा आणि आठव्या दिवसापासून एक मिलिग्रॅम दोनदा, असे एकूण बारा आठवडे. मूत्रपिंडं फार कमकुवत असतील तर मात्रा कमी करावी लागते. मुख्य त्रास मळमळीचा. पोटभर जेवून ग्लासभर पाण्याबरोबर घेतली तर तो पुष्कळ आटोक्यात राहतो. विचित्र, रंगीत स्वप्नं पडतात. मग दुसरी गोळी झोपताना न घेता संध्याकाळच्या जेवणाबरोबर घ्यायची.

ही गोळी हृदयाला बाधते आणि डोकं फिरवते, अशी भीती अजून काही डॉक्टरांच्याही मनात आहे. ती निराधार नव्हती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये मानसिक दुष्परिणामांबद्दल कडक इशारा छापायला लावला होता. मग आठ हजारांहून अधिक लोकांवर ईगल्स नावाची चाचणी झाली आणि २०१६ च्या अखेरीस तो इशारा काढला गेला. त्याच लोकांच्या हृदयाचा पाठपुरावा केला, तेव्हा तिथेही धोका वाढलेला आढळला नाही. आपल्या रुग्णासाठी त्याहून जवळची एव्हिटा ही चाचणी आहे. त्यात झटक्यासाठी दाखल झालेल्या ३०२ जणांना रुग्णालयातच व्हॅरेनिक्लिन किंवा बनावट गोळी दिली. चोवीस आठवड्यांनी व्हॅरेनिक्लिनवाल्यांपैकी ४७ टक्के धूरमुक्त होते, बनावट गोळीवाल्यांपैकी ३३ टक्के. उलटून वाचलं तर झटका येऊनही आणि उत्तम औषध घेऊनही निम्म्याहून जास्त लोक पुन्हा ओढू लागले होते. व्यसन किती चिवट आहे, ते या आकड्यावरून कळतं.

व्हॅरेनिक्लिन परवडत नसेल किंवा सोसत नसेल, तर निकोटिनचा पॅच आणि च्युइंगगम. 'विष सोडायला विषच?' असं घरचे विचारतात. प्लेटलेट्स बिघडवणारा धूर आणि कार्बन मोनॉक्साइड यात नाही; पॅचमधून निकोटिन सावकाश झिरपतं, सिगारेटसारखं क्षणात मेंदूवर आदळत नाही. दोन्ही एकत्र वापरणं एकट्यापेक्षा चांगलं : पॅच दिवसभराचा पाया धरतो, तलफ उसळली की गम. रोज दहाहून जास्त ओढणाऱ्याला २१ मिलिग्रॅमचा पॅच सहा आठवडे, मग १४ चा दोन आणि ७ चा दोन आठवडे. पहिली सिगारेट उठल्यावर अर्ध्या तासात लागत असेल तर गम चार मिलिग्रॅमचा, नाहीतर दोनचा. गम अपयशी ठरतो तो बहुधा चघळण्याच्या चुकीमुळे. तो सतत चावला, की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, घसा जळतो आणि तलफ तशीच राहते. झिणझिण्या येईपर्यंत चावायचा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायचा. आधीची पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको; आम्लामुळे तोंडाच्या अस्तरातून निकोटिन नीट शोषलं जात नाही.

बुप्रोपिऑन ही तिसरी गोळी. मुळात ती नैराश्यावरची. कधी फिट्स आल्या असतील तर ती अजिबात घ्यायची नाही.

चहाचा आणखी एक मुद्दा आहे, तो फारसं कुणी सांगत नाही. धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफिन झपाट्याने संपवतं. धूर बंद झाला की हा वेग उतरतो आणि तेवढ्याच चहा-कॉफीतून रक्तातलं कॅफिन जवळपास दुप्पट होऊ शकतं. छातीत धडधडतं, झोप उडते, चिडचिड होते. माणसाला वाटतं, ही तलफ आहे, आणि तो पाकीट उघडतो. पहिल्या आठवड्यापासून चहाचे कप निम्मे करून पाहावेत. दम्यासाठी थिओफिलिन किंवा मानसिक आजारासाठी क्लोझापिन घेणाऱ्यांच्या बाबतीत हीच गोष्ट गंभीर होते. सिगारेट सोडताच त्यांच्या डॉक्टरांना कळवायला हवं, कारण मात्रा कमी करावी लागते. यात निकोटिनचा हात नाही, त्यामुळे पॅच लावूनही हा बदल होतोच.

आणि सातव्या आठवड्यात, कुणाच्या तरी लग्नात, एक सिगारेट ओढली गेली तर? बहुतेक जण इथे गोळी बंद करतात, 'आता काय उपयोग' म्हणून. गोळी चालू ठेवायची, पॅच चालू ठेवायचा, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना ते सांगायचं. बारा आठवड्यांत सुटलेली सिगारेट डळमळीत वाटली, तर व्हॅरेनिक्लिन आणखी बारा आठवडे देता येतं. मधल्या काळात बोलायला १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे.