स्लॅबला पाणी: पहिली रात्र आणि पुढचे चौदा दिवस

स्लॅब पडतो त्या संध्याकाळी घरमालक मिस्त्रींना एक प्रश्न हमखास विचारतो: पाणी किती दिवस मारायचं आणि दिवसातून किती वेळा? उत्तरही ठरलेलं असतं. उद्यापासून सुरू करा, आठवडाभर, सकाळ-संध्याकाळ. महाराष्ट्रातल्या गावागावांत हजारो घरं याच उत्तरावर उभी राहिली आहेत. पण यातला ‘उद्यापासून’, ‘आठवडाभर’ आणि ‘सकाळ-संध्याकाळ’ हा प्रत्येक शब्द तपासून पाहण्यासारखा आहे, विशेषतः स्लॅब मार्च ते जूनच्या उन्हात पडणार असेल तर.

काँक्रीट वाळून घट्ट होतं, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात सिमेंटचा पाण्याशी रासायनिक संयोग होतो आणि त्यातून तयार होणारा पदार्थ वाळू-खडीला बांधून ठेवतो. हा संयोग पहिल्या काही दिवसांत वेगाने चालतो, मग मंदावतो, पण पाणी मिळत राहिलं तर महिनोन् महिने सुरू राहतो. अमेरिकेतील संशोधक टी. सी. पॉवर्स यांनी १९४७मध्ये दाखवून दिलं, की काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांमधली आर्द्रता सुमारे ८० टक्क्यांच्या खाली गेली की हा संयोग जवळजवळ थांबतो. म्हणजे काँक्रीट वाळलं की त्याची ताकद वाढणंही थांबतं. पुन्हा भिजवल्यास काम थोडं पुढे सरकतं, पण गेलेली संधी पूर्ण भरून निघत नाही.

आता हिशेब पाहू. घराचा स्लॅब साधारण पाच इंच, म्हणजे १२५ मिलिमीटर जाड असतो. नेहमीच्या एम-२० काँक्रीटच्या अशा स्लॅबमध्ये दर चौरस मीटरला साधारण ४० किलो सिमेंट आणि २२ लिटर पाणी असतं. एवढ्या सिमेंटचा संयोग पुरता व्हायला सोळा-सतरा लिटर पाणी लागतं. याचा अर्थ, मिक्सरमध्ये घातलेलं पाणीच खरं तर पुरेसं आहे, फक्त ते आतून निघून जाता कामा नये. कडक ऊन आणि वारा असेल तर ताज्या काँक्रीटवरून दर चौरस मीटरला तासाला एक लिटर पाणी उडू शकतं. हातात शिल्लक असलेले पाच-सहा लिटर एका दुपारीच संपू शकतात. शिवाय हे पाणी स्लॅबच्या सगळ्या जाडीतून सारखं जात नाही, ते वरच्या थरातून जातं. म्हणून क्युरिंग चुकलं की पहिला फटका वरच्या दोन-तीन सेंटिमीटरना बसतो. गच्चीवरचं पावसाचं पाणी आणि हवा आत शिरू न देण्याचं काम याच थराचं असतं, आणि वरच्या सळयांचं गंजापासून रक्षण करणारं जेमतेम २० मिलिमीटरचं कव्हरही याच थरात येतं. वरून पाणी मारणं हे त्या थरासाठी आहे.

म्हणूनच ‘उद्यापासून’ हे उत्तर उन्हाळ्यात धोक्याचं ठरतं.

जालन्यातलं एक घर डोळ्यांसमोर आणा. मे महिना, स्लॅब ३० फूट बाय २५ फूट, म्हणजे सुमारे ७० चौरस मीटर. काम सकाळी नऊला सुरू झालं आणि पाचला संपलं. शेवटची घमेली पडत असताना सकाळी भरलेला कोपरा दुपारच्या उन्हात कडक होऊ लागलेला असतो. त्याच्या दृष्टीने क्युरिंगची वेळ दुपारीच येऊन ठेपली, दुसऱ्या दिवशीची सकाळ फार लांब राहिली. अशा वेळी जसा भाग पूर्ण होईल तसा तो झाकत जावा. पृष्ठभागावरचं चकाकणारं पाणी विरलं आणि शेवटचा रंधा फिरवून झाला, की त्यावर प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि कडा विटांनी दाबायच्या, म्हणजे खालून वारा शिरणार नाही. बोट दाबल्यावर ठसा उमटेनासा झाला की ओली गोणपाटं टाकता येतात. हलका फवाराही चालतो. पाइपाची जोरदार धार मात्र या टप्प्यावर मारू नये. ती वरचं सिमेंट धुऊन नेते आणि मागे भुसभुशीत पापुद्रा उरतो.

रंधा मारल्यानंतर तासा-दोन तासांत स्लॅबवर बारीक, बऱ्याचदा एकमेकींना समांतर अशा भेगा दिसल्या, तर वरचं पाणी फार वेगाने उडतंय असं समजावं. काँक्रीट अजून मऊ असेल तर त्या भेगा लाकडी रंध्याने ठोकून, घासून बुजवता येतात आणि लगेच तो भाग झाकता येतो. वर कोरडं सिमेंट भुरभुरवून त्या लपवणं मात्र टाळावं. आतली भेग तशीच राहते आणि वर एक सुटा, कच्चा थर चढतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाफे घालावेत. स्लॅबवर मातीचे किंवा अगदी कमी सिमेंटच्या मालाचे दोन-तीन इंच उंच बांध घालून चौकोन पाडायचे आणि त्यांत पाणी सोडायचं. गच्चीला उतार असतो, त्यामुळे एकच मोठा हौद केला तर पाणी एका बाजूला जमतं आणि उंच बाजू कोरडी पडते. चार-पाच फुटांचे छोटे वाफे केले की पाणी सगळीकडे उभं राहतं. वाफ्यात इंच ते दीड इंच पाणी पुरतं.

वाफे घातले की ‘दिवसातून किती वेळा’ हा प्रश्नच उरत नाही. मेमध्ये मराठवाड्यात उघड्या पाण्याची पातळी बाष्पीभवनाने दिवसाला साधारण एक सेंटिमीटर उतरते. आपल्या ७० चौरस मीटरच्या स्लॅबवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ७० लिटर. पहिल्यांदा वाफे भरायला, इंचभर धरलं तर, साडेसतराशे लिटर लागतील आणि रोजची भर सातशे लिटरच्या आसपास. थोडी गळती धरूनही चौदा दिवसांचं काम बारा-तेरा हजार लिटरमध्ये होतं. रोज सकाळी एकदा भर घालायची आणि संध्याकाळी एक चक्कर मारून फुटलेला बांध दुरुस्त करायचा, एवढंच.

आता सकाळ-संध्याकाळ पाइपाने पाणी मारण्याशी याची तुलना करा. उतारावरून बहुतेक पाणी पन्हाळीतून वाहून जातं. सकाळी आठला भिजवलेला उघडा स्लॅब उन्हात तासा-दीड तासात वरून कोरडा होतो आणि संध्याकाळपर्यंत तापत राहतो. मग बोअरचं गार पाणी त्यावर एकदम पडतं. तापलेला पृष्ठभाग झटकन आकसतो आणि बारीक भेगा पडू शकतात. पाणी काँक्रीटपेक्षा सुमारे ११ अंश सेल्सिअसहून जास्त थंड असू नये, असा संकेत अभियंते पाळतात. शिंपडण्याशिवाय इलाजच नसेल, तर गोणपाटं अंथरून ती दिवसभर ओली राहतील इतक्या वेळा पाणी मारावं. उन्हाळ्यात हे दर दोन तासांवर येऊ शकतं, पावसाळ्यात कदाचित एकदाही लागणार नाही. घड्याळाऐवजी गोणपाट हाताने चाचपून पाहिलेलं बरं. पाणी फारच महाग असेल, टँकरवरच भिस्त असेल, तर ओल्या गोणपाटावर प्लास्टिकचा कागद घालावा. बाष्प बाहेर जाऊ शकत नाही, त्यामुळे रोजची भर एकदम कमी होते. दुष्काळी तालुक्यांत वाफ्यांपेक्षा हीच पद्धत जास्त शहाणपणाची वाटते.

राहिला प्रश्न दिवसांचा. भारतीय मानक आयएस ४५६ (२०००) साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी किमान सात दिवस ओलं ठेवायला सांगतं. ‘आठवडाभर’ हे उत्तर आलं ते इथूनच. पण त्याच मानकात पुढे आहे, की हवा कोरडी आणि उष्ण असेल किंवा राख मिसळलेलं सिमेंट असेल तर किमान दहा दिवस हवेत, आणि अशा सिमेंटसाठी हा काळ चौदा दिवसांपर्यंत वाढवावा. दुकानातून येणाऱ्या पोत्यावर ‘पीपीसी’ आणि आयएस १४८९ असं छापलेलं असेल, तर ते राखेचं सिमेंट आहे. घरबांधणीत आज हेच सर्रास वापरलं जातं. ते वाईट नाही, उलट नीट भिजवलं तर अधिक घट्ट काँक्रीट देतं. मात्र राख दुसऱ्या टप्प्यात कामाला लागते. आधी सिमेंटच्या संयोगातून चुना सुटतो, मग राख त्याच्याशी सावकाश जुळते आणि त्या वेळीही पाणी लागतं. सातव्या दिवशी वाफे फोडले तर राखेचं काम नुकतंच सुरू झालेलं असतं. तेव्हा जालन्याच्या त्या घराला चौदा दिवस द्यावेत.

यात सेंट्रिंगचाही संबंध येतो. खालच्या प्लेटा असेपर्यंत स्लॅबची खालची बाजू झाकलेली राहते. पंधरा फुटांच्या आतल्या गाळ्याला सात दिवसांनी आणि त्याहून मोठ्या गाळ्याला चौदा दिवसांनी टेकू काढता येतात, पण हेही आकडे साध्या सिमेंटचे आणि फार थंडी नसतानाचे आहेत. पीपीसी असेल तर अभियंत्याला विचारून जास्त थांबावं. टेकू निघाले म्हणून वरचं पाणी बंद करायचं नसतं. स्लॅबच्या उभ्या कडा आणि छज्जे यांची आठवण तर क्वचितच कोणी ठेवतं, कारण तिथे पाणी उभं राहत नाही. त्यांना गोणपाट गुंडाळून भिजवावं लागतं.

काम नीट होतंय की नाही, हे रंगावरून कळतं. ओलं काँक्रीट गडद करडं दिसतं. दुपारी तीनला गच्चीवर जाऊन पांढुरके पट्टे दिसले, तर तो भाग तहानलेला आहे. महिनाभराने तळहात घासल्यावर पांढरी पूड लागली किंवा खिळ्याने सहज खोल ओरखडा उठला, तर वरचा थर कच्चा राहिला आहे.

क्यूबचा रिपोर्ट हे सांगत नाही. काँक्रीटचे साच्यात भरलेले ठोकळे प्रयोगशाळेच्या टाकीत, सुमारे २७ अंशांच्या पाण्यात, २८ दिवस बुडवून ठेवतात आणि मग दाबून फोडतात. त्यावरून आलेला माल कसा होता ते कळतं. गच्चीवर त्या मालाला पाणी मिळालं की नाही, याची नोंद त्यात नसते. ठोकळे उत्तीर्ण आणि स्लॅब कच्चा, असं सहज घडू शकतं. शंका असेल तर अभियंत्याकडून रिबाउंड हॅमरने स्लॅबचाच पृष्ठभाग ठिकठिकाणी तपासून घ्यावा, आणि आकडे फार खाली-वर आले तर छोटा कोअर काढून पाहावा. वॉटरप्रूफिंगचा थर चढवण्याआधी हे उरकलं, तर वरचा थर उघडाच असतो आणि कच्चा भाग घासून काढता येतो.