सुग्रा, कुब्रा आणि मधली कडी

लखनौच्या फिरंगी महलात अठराव्या शतकात मुल्ला निजामुद्दीन यांनी जो अभ्यासक्रम रूढ केला, तो आजही 'दर्स-ए-निजामी' या नावाने अनेक मदरशांत चालतो. त्यात कुराण, हदीस, फिकह यांच्या जोडीला 'मंतिक' म्हणजे तर्कशास्त्रही असते. त्याचे मूळ ग्रीक, अॅरिस्टॉटलचे. ते अरबीत उतरले, तिथे वाढले आणि मग इकडे आले.

मंतिकचा गाभा म्हणजे 'कियास'. दोन विधाने मान्य केली की तिसरे मान्य करावेच लागते, अशी मांडणी. पुस्तकांतले नेहमीचे उदाहरण असे: जग बदलते आहे. जे जे बदलते ते कधीतरी नव्याने अस्तित्वात आलेले असते. म्हणून जगही नव्याने अस्तित्वात आलेले आहे.

निष्कर्षाला 'नतीजा' म्हणतात. त्याचे उद्देश्य, म्हणजे 'जग', ज्या विधानात येते ते 'सुग्रा'; त्याचे विधेय, म्हणजे 'नव्याने अस्तित्वात आलेले', ज्यात येते ते 'कुब्रा'. उरला 'बदलणारे' हा शब्द. तो दोन्हीकडे आहे, नतीज्यात मात्र नाही. हीच मधली कडी, 'हद्द-ए-अवसत'. दोन टोके जोडून ती गळून पडते.

मधली कडी सुग्रात विधेय आणि कुब्रात उद्देश्य असेल, तर तो 'पहिला शक्ल'. त्याच्या अटी दोनच: सुग्रा होकारार्थी हवी आणि कुब्रा सरसकट सर्वांना लागू हवी. या अटी का, ते त्या मोडून पाहिले की लगेच कळते. 'कोणताही घोडा माणूस नाही. प्रत्येक माणूस प्राणी आहे.' दोन्ही विधाने खरी. पण यावरून 'कोणताही घोडा प्राणी नाही' म्हटले तर पंचाईत! इथे सुग्रा नकारार्थी झाली. आता दुसरी अट मोडू. 'प्रत्येक माणूस प्राणी आहे. काही प्राणी घोडे आहेत.' म्हणून काही माणसे घोडे? कुब्रातले 'काही प्राणी' आणि सुग्रातले प्राणी वेगळेच निघाले. कडी जुळलीच नाही.

अटी पाळूनही फसगत होते, ती मला सगळ्यांत मजेदार वाटते. भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवून म्हणायचे, 'हा घोडा आहे. प्रत्येक घोडा खिंकाळतो. म्हणून हाही खिंकाळतो.' वरवर पाहता रचनेत खोट नाही. पण एकदा 'घोडा' म्हणजे चित्र आणि एकदा जिवंत जनावर. शब्द एक, अर्थ दोन. याला 'मुगालता' म्हणतात.

शिवाय मांडणी बिनचूक असली तरी विधाने खरी आहेत की नाहीत, हे वेगळेच सिद्ध करावे लागते. जगाच्या उदाहरणातली कुब्रा कलामवाल्या धर्मपंडितांना मान्य होती. इब्न सिनासारखे तत्त्वज्ञ मात्र जगाला अनादी मानत, म्हणून त्यांचा नकार थेट त्या कुब्रालाच होता.