आवाज दिला, पण कशासाठी?

समजा, मिठागरांवरचा वीस मिनिटांचा माहितीपट आहे. दिग्दर्शिका व्हॉट्सअ‍ॅपवर विचारते, 'सर, निवेदन बारा हजारांत जमेल?' उत्तर येतं, 'जमेल, मॅडम.' एका दुपारी रेकॉर्डिंग होतं, पैसे पोचतात. वर्षभराने त्याच निवेदनातली दोन वाक्यं मिठाच्या एका जाहिरातीत ऐकू येतात. कलाकार चिडतो. दिग्दर्शिका म्हणते, 'पैसे दिले की मी!' पैसे दिले हे खरंच, पण ते कशाचे दिले हे कुठेच लिहिलेलं नाही.

कॉपीराइट कायदा 1957चा. आपल्या सादरीकरणावर कलाकाराचे स्वतंत्र हक्क असतात हे त्यात आहे, आणि 2012च्या दुरुस्तीने ते आणखी स्पष्ट झाले. हे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. कागद केला पण मुदत लिहायची राहिली, तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही, तर फक्त भारत. यूट्यूबवर टाकलेला माहितीपट पहिल्याच रात्री लंडनमधलं एखादं मराठी कुटुंब बघतं, तेव्हा हा 'फक्त भारत' अडचणीचा ठरतो. त्याहून नडणारी गोष्ट म्हणजे, मिळालेले हक्क एका वर्षात वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर ते संपले असं मानलं जातं. छोट्या माहितीपटाचं संकलन दोन-दोन वर्षं रखडतं, हे या धंद्यातल्या कुणालाही सांगायला नको.

म्हणून करारात सर्वांत जास्त शाई वापराच्या कलमावर खर्च करावी. आपल्या उदाहरणात ते असं लिहिता येईल: 'हे निवेदन याच माहितीपटात, त्याच्या ट्रेलरमध्ये आणि महोत्सवांच्या प्रतीत वापरता येईल, जगभर, दहा वर्षं, इंटरनेटसह. वर्षभरात प्रदर्शन झालं नाही म्हणून हा हक्क संपणार नाही. जाहिरात, दुसरा चित्रपट किंवा दुसऱ्या कुणाला आवाजाची फाइल देणं यासाठी आधी वेगळी लेखी संमती आणि वेगळं मानधन.' एवढं लिहिलं असतं, तर मिठाच्या जाहिरातीचं बोलणं आधीच झालं असतं आणि तेही दरावर.

मानधनाच्या कलमात आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो पैसे देण्याचा मुहूर्त. 'प्रदर्शनानंतर' असं कधी लिहू नये, कारण प्रदर्शन कलाकाराच्या हातात नसतं. निम्मे रेकॉर्डिंगच्या दिवशी आणि निम्मे फाइल सोपवल्यापासून सात दिवसांत, हे सोपं. बारा हजारांतून कर कापून देणार की हातात बारा हजार पडणार, स्टुडिओचं भाडं कुणाचं, हेही तिथेच लिहावं. आणि पैसे निर्माता देणार असेल, तर सही त्याची हवी. दिग्दर्शिकेने एकटीने सही केली, तर उद्या उधारी तिच्याच नावावर निघते.

भांडणं मात्र बहुतेक वेळा दुरुस्त्यांवरून होतात. 'दोन वेळा दुरुस्ती मोफत' हे वाक्य दिसायला नेटकं, पण त्यात चूक कुणाची ते येत नाही. शब्द अडखळला, उच्चार चुकला, वाक्य गळलं, तर कलाकाराने ते फुकट पुन्हा बोलावं, त्याला मोजणी नको. संकलनात स्क्रिप्टच बदलली, तर ते नवं काम आणि त्याचे वेगळे पैसे. मधला प्रकार अवघड: 'जरा भावुक वाटतंय, कोरडं करून बघूया का?' यासाठी एक फेरी मानधनात धरावी, आणि आधी पहिल्या दोन मिनिटांचा नमुना मंजूर करून घ्यावा. लय, सूर आणि गावांच्या नावांचे उच्चार तिथेच ठरतात. मंजूर नमुन्यानंतर सूर बदलायचा, तर त्याचे पैसे. दुरुस्त्या फोनवर तुकड्यातुकड्यांनी न सांगता, मिनिट-सेकंदासह एकाच यादीत, फाइल मिळाल्यापासून दहा दिवसांत द्याव्यात. उशीर झाला की खोली बदलते, माइक बदलतो, कलाकाराला सर्दी झालेली असते, आणि निवेदनातला जोड कान लगेच पकडतो.

श्रेयाचं कलम दोन ओळींचं, तरी त्याला कायद्याचा आधार आहे. सादरकर्ता म्हणून आपलं नाव सांगितलं जावं, हा कलाकाराचा हक्क आहे. चित्रपटात ज्याचं काम किरकोळ स्वरूपाचं असतं आणि ज्याचं नाव व्यवसायाच्या रिवाजानुसार कुठेच दिलं जात नाही, त्याला तर कायदा बहुतेक बाबतींत सादरकर्ता मानतच नाही. त्यामुळे 'निवेदन' या शब्दासह नाव कसं लिहायचं, ते शेवटच्या पाट्यांत आणि यूट्यूबवरच्या माहितीत येणार का, हे अक्षरशः उतरवून घ्यावं. वाहिन्या शेवटच्या पाट्या कापतात. तेव्हा दिग्दर्शिकेने फक्त स्वतः प्रसिद्ध केलेल्या प्रतीपुरतं वचन द्यावं, आणि वाहिनीला प्रत देताना नाव ठेवण्याची लेखी विनंती करायचं कबूल करावं.