क्रॉस-प्ले आणि क्रॉस-सेव्ह

क्रॉस-प्ले म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या उपकरणांवर एकच व्हिडिओ गेम खेळणाऱ्या खेळाडूंना एकाच सामन्यात एकत्र खेळता येण्याची सोय. क्रॉस-सेव्ह म्हणजे एका उपकरणावर मिळवलेली प्रगती, गुण व वस्तू दुसऱ्या प्रकारच्या उपकरणावर तशाच पुढे चालू ठेवता येण्याची सोय. अँड्रॉइड फोन, आयफोन, संगणक, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स व निन्टेन्डो स्विच यांपैकी प्रत्येकास या संदर्भात ‘प्लॅटफॉर्म’ म्हणतात. या दोन सोयींची नावे अनेकदा एकत्र घेतली जातात. तथापि त्या परस्परांहून स्वतंत्र आहेत. एखाद्या खेळात पहिली असून दुसरी नसते, तर एखाद्यात याच्या उलट असते.

## दोन सोयींमधील फरक

क्रॉस-प्लेमध्ये प्रश्न असतो तो सामना चालू असतानाच्या काही मिनिटांचा. क्रॉस-सेव्हमध्ये प्रश्न असतो तो सामना संपल्यानंतर उरणाऱ्या नोंदीचा: ती कोठे ठेवली आहे, कोणाच्या नावावर आहे आणि ती उघडण्याचा अधिकार कोणाकडे आहे.

२८ सप्टेंबर २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या खेळात प्लेस्टेशन, संगणक व फोन यांवरील खेळाडूंना आरंभापासून एकत्र खेळता येत होते. परंतु प्लेस्टेशनवरील प्रगती फोनवर नेण्याची सोय जुलै २०२१ मध्ये आली. याउलट ‘व्हॅलोरंट’ हा संगणकावरील खेळ २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ व एक्सबॉक्स यांवर आला, तेव्हा खेळाडूची प्रगती व खरेदी केलेल्या वस्तू संगणक आणि कन्सोल यांत सामाईक ठेवण्यात आल्या. मात्र संगणकावरील खेळाडू व कन्सोलवरील खेळाडू यांचे सामने वेगळेच ठेवण्यात आले.

## क्रॉस-प्लेची कार्यपद्धती

अनेक खेळाडूंच्या खेळात फोन किंवा संगणक हे सामन्याचे खरे ठिकाण नसते. सामना सर्व्हरवर चालतो. खेळाडूने कोणती कळ दाबली एवढेच उपकरण सर्व्हरला कळवते. सर्व्हर सर्वांच्या हालचालींचा मेळ घालून प्रत्येकास ताजी स्थिती परत पाठवतो. पनवेलमधील खेळाडूकडे अँड्रॉइड फोन आणि त्याच्या नागपूरच्या मित्राकडे आयफोन असला, तरी सर्व्हरपर्यंत पोहोचणारे संदेश एकाच साच्याचे असतात. म्हणून खेळ मुळातच सर्व्हरवर आधारलेला असेल, तर दोन प्लॅटफॉर्म जोडणे तत्त्वतः अवघड नसते.

त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली गोष्ट ओळखीची. प्रत्येक प्लॅटफॉर्म आपल्या सदस्यास स्वतःचा ओळख-क्रमांक देतो आणि तो दुसऱ्या प्लॅटफॉर्मला कळत नाही. म्हणून खेळाची कंपनी आपले स्वतंत्र खाते निर्माण करते व प्लॅटफॉर्मचे ओळख-क्रमांक त्याला जोडते. दुसरी गोष्ट आवृत्तीची. सर्व खेळाडूंकडे खेळाची परस्परांशी जुळणारी आवृत्ती असावी लागते. नवी आवृत्ती आणण्यापूर्वी प्रत्येक प्लॅटफॉर्मची तपासणी वेगळी होते. ती एका ठिकाणी आधी व दुसऱ्या ठिकाणी दोन दिवसांनी पूर्ण झाली, तर मधल्या काळात मित्र यादीत दिसतो, पण निमंत्रण स्वीकारता येत नाही. अशा वेळी दोन्ही उपकरणांवरील आवृत्ती-क्रमांक ताडून पाहिल्यास कारण बहुधा लगेच उमगते.

तिसरी गोष्ट समतोलाची आहे. माउसने नेम धरणे, कन्सोलच्या कंट्रोलरने धरणे आणि पडद्यावर बोट फिरवून धरणे यांच्या वेगात व अचूकतेत मोठा फरक असतो. ‘पबजी मोबाइल’मध्ये संगणकावरील एम्युलेटरमधून खेळणाऱ्यांना ओळखून त्यांचे सामने वेगळ्या गटात लावले जात. व्हॅलोरंटमधील विभागणीचे कारणही हेच आहे. येथे क्रॉस-प्लेचा अभाव ही तंत्रातील उणीव नसून जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय असतो.

## क्रॉस-सेव्हची कार्यपद्धती

प्रगतीची नोंद दोन प्रकारे ठेवली जाते. एका प्रकारात ती उपकरणातच एका फाइलमध्ये असते आणि तिची प्रत वेळोवेळी सर्व्हरकडे पाठवली जाते. दुसऱ्या प्रकारात मूळ नोंद सर्व्हरवरच असते व उपकरण ती केवळ दाखवते.

पहिल्या प्रकारातील नेहमीची अडचण पुढील कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. एका मुलीने घरच्या संगणकावर खेळाचा दहावा टप्पा पूर्ण केला व ती नोंद सर्व्हरवर गेली. मग ती पनवेलहून कोकण रेल्वेने रत्नागिरीस निघाली. वाटेतील बोगद्यांत नेटवर्क नसताना तिने फोनवर बारावा टप्पा गाठला. त्याच संध्याकाळी तिच्या भावाने घरी तिच्याच खात्यातून दहाव्या टप्प्यापासून थोडा वेळ खेळून अकरावा टप्पा नोंदवला. रात्री फोन नेटवर्कमध्ये आला तेव्हा सर्व्हरसमोर दोन नोंदी होत्या. भावाची नोंद वेळेने नंतरची, तर बहिणीची नोंद प्रगतीने पुढची. ‘शेवटची नोंद खरी’ असा नियम असेल, तर बहिणीचा प्रवासातला खेळ पुसला जातो. म्हणून चांगल्या व्यवस्थेत दोन्ही नोंदींची वेळ व टप्पा दाखवून कोणती ठेवावी हे विचारले जाते. हा प्रश्न पडद्यावर आल्यास दोन्ही तपशील वाचल्याखेरीज उत्तर देऊ नये, कारण नाकारलेली नोंद बहुधा परत मिळत नाही.

दुसऱ्या प्रकारात असा संघर्ष उद्भवत नाही. परंतु तेथे सारी नोंद खात्यावर अवलंबून असते. नाव न नोंदवता ‘पाहुणा’ म्हणून खेळल्यास नोंद त्या एका उपकरणाशी बांधलेली राहते. अँड्रॉइडवरील गूगल प्ले गेम्सच्या किंवा आयफोनवरील गेम सेंटरच्या ओळखीनेच प्रवेश केला असेल, तर फोनचा प्रकार बदलल्यावर ती ओळख सोबत येईलच असे नाही.

## भारतातील उदाहरण : पबजी मोबाइल ते बीजीएमआय

नोंद खेळाडूच्या फोनमध्ये नसून कंपनीच्या हाती असते, याचा अनुभव भारतीय खेळाडूंना २०२०–२१ मध्ये आला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ अन्वये ११८ ॲपवर बंदी घातली. त्यांत पबजी मोबाइल हा खेळ होता. ३० ऑक्टोबर २०२० पासून भारतातील खेळाडूंसाठी त्याचे सर्व्हरही बंद झाले. फोन तोच होता व त्यात खेळही होता. पण वर्षानुवर्षे मिळवलेल्या श्रेणी आणि पैसे देऊन घेतलेले पोशाख आता उघडता येईनात.

पुढे दक्षिण कोरियातील क्राफ्टॉन कंपनीने ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ अर्थात बीजीएमआय हा खेळ २ जुलै २०२१ रोजी अँड्रॉइडवर आणि १८ ऑगस्ट २०२१ रोजी आयफोनवर आणला. खेळ जवळजवळ तोच असला तरी चालक कंपनी वेगळी होती. म्हणून जुनी नोंद आपोआप दिसली नाही. तिचे स्थलांतर करावे लागले. खेळाडूने पहिल्या प्रवेशाच्या वेळी प्रॉक्झिमा बीटा या जुन्या चालक कंपनीकडील माहिती क्राफ्टॉनकडे देण्यास संमती द्यायची आणि पूर्वी ज्या फेसबुक किंवा ट्विटर खात्याने तो खेळत असे त्याच खात्याने प्रवेश करायचा, अशी पद्धत होती. ही सोय ठरावीक मुदतीपुरतीच होती.

काटेकोरपणे पाहता हे क्रॉस-सेव्ह नव्हे, तर खात्याचे एकवेळचे स्थलांतर होय. मात्र क्रॉस-सेव्हला लागणारी तिन्ही अंगे त्यात उघडपणे दिसतात: दोन्हीकडे ओळखता येणारे खाते, दोन चालकांमधील करार आणि खेळाडूची संमती. ज्यांनी पूर्वी पाहुणा म्हणून खेळ केला होता, त्यांच्याकडे यांतील पहिलेच अंग नव्हते.

## अभावाची कारणे

तंत्र उपलब्ध असूनही या सोयी अनेक खेळांत नसतात, याचे प्रमुख कारण व्यावसायिक असते. कन्सोल बनवणाऱ्या कंपनीस आपल्या दुकानातून होणाऱ्या प्रत्येक खरेदीचा ठरावीक हिस्सा मिळतो. खेळाडू प्लेस्टेशनवर खेळला पण त्याने खरेदी फोनवरून केली, तर तो हिस्सा दुसऱ्याच दुकानास जातो.

‘फोर्टनाइट’ हा खेळ जून २०१८ मध्ये निन्टेन्डो स्विचवर आला, तेव्हा ज्यांचे एपिक खाते पूर्वी प्लेस्टेशनशी जोडलेले होते, त्यांना त्याच खात्याने स्विचवर प्रवेश मिळेना. खेळाडूंच्या तीव्र नाराजीनंतर २६ सप्टेंबर २०१८ रोजी सोनीने फोर्टनाइटसाठी प्लेस्टेशन इतर प्लॅटफॉर्मना खुले केले. त्यामागील अटी २०२१ मध्ये अमेरिकेतील एपिक विरुद्ध ॲपल या खटल्यात सादर झालेल्या कागदपत्रांतून उजेडात आल्या. प्लेस्टेशनच्या दुकानातून येणाऱ्या उत्पन्नाच्या वाट्याला प्लेस्टेशनवरील खेळाच्या वाट्याने भागले असता उत्तर ०.८५ पेक्षा कमी आल्यास खेळाच्या कंपनीने सोनीस भरपाई द्यावी, असे त्यांचे स्वरूप होते. समजा, खेळाचा ८० टक्के वेळ प्लेस्टेशनवर गेला, पण उत्पन्नाचे ६० टक्केच तेथून आले. ६० भागिले ८० म्हणजे ०.७५, अर्थात भरपाई देय ठरते. लहान कंपनीस असा हिशेब ठेवणेही जड जाते.

याच कारणाने क्रॉस-सेव्ह असलेल्या खेळांतही सर्व काही सामाईक नसते. गेन्शिन इम्पॅक्टमध्ये प्रगती व पात्रे सर्वत्र दिसतात. पण पैसे देऊन घेतलेले ‘जेनेसिस क्रिस्टल’ प्लेस्टेशनवर घेतले असल्यास फोनवर वापरता येत नाहीत व फोनवर घेतलेले प्लेस्टेशनवर दिसत नाहीत. ‘क्रॉस-सेव्ह उपलब्ध’ या शब्दांत विकत घेतलेले चलन अंतर्भूत असतेच असे नाही. ते वेगळे तपासावे लागते.

दुसरे कारण खेळाच्या घडणीत असते. ‘माइनक्राफ्ट’ची जावा आवृत्ती आणि बेडरॉक आवृत्ती यांची नावे सारखी असली, तरी ते दोन वेगळ्या भाषांत लिहिलेले वेगळे प्रोग्राम आहेत. त्यामुळे एका आवृत्तीतील खेळाडूस दुसरीच्या सर्व्हरवर मुळात जाता येत नाही. एकट्याने खेळायच्या जुन्या खेळांत नोंदीची फाइल एका प्लॅटफॉर्मच्याच रचनेस अनुसरून केलेली असते आणि कंपनीचे स्वतंत्र खाते नसतेच. ती सोय नंतर जोडायची तर खाते, सर्व्हर व त्यांची देखभाल हा कायमचा खर्च पत्करावा लागतो. एकदाच विकल्या जाणाऱ्या खेळातून तो भरून निघत नाही.