आर्मेचरला जोडलेला रोध आणि शंट मोटरचा वेग

डीसी शंट मोटरच्या आर्मेचरशी एकसरीत रोध जोडला की मोटरचा वेग उतरतो. तो किती उतरेल, हे एका उदाहरणावरून पाहता येते. 220 व्होल्टच्या एका शंट मोटरच्या आर्मेचरचा रोध 0.5 ओहम आहे. आर्मेचरमधून 20 अँपिअर प्रवाह वाहत असताना ती मिनिटाला 1050 फेरे घेते. आर्मेचरच्या वाटेत आणखी 3 ओहमचा रोध घातला आणि टॉर्क तेवढाच राहिला, तर नवा वेग किती?

आर्मेचर चुंबकीय क्षेत्रात फिरू लागले की त्यातच एक उलटा दाब निर्माण होतो. त्याला बॅक ईएमएफ म्हणतात. पुरवठ्याच्या दाबातून रोधात खर्च झालेला दाब वजा केला की तो मिळतो:

E = V − I × R

सुरुवातीला रोधात 20 × 0.5 म्हणजे 10 व्होल्ट खर्च होतात आणि बॅक ईएमएफ 210 व्होल्ट राहतो.

शंट मोटरची फील्ड गुंडाळी थेट पुरवठ्यावर असते. रोध फक्त आर्मेचरच्या वाटेत असल्याने फील्डचा प्रवाह बदलत नाही, चुंबकीय क्षेत्रही तेच राहते. म्हणून बॅक ईएमएफ वेगाच्या प्रमाणात असतो आणि टॉर्क आर्मेचर प्रवाहाच्या प्रमाणात. टॉर्क तोच, म्हणजे प्रवाहही 20 अँपिअरच. एकूण रोध आता 3.5 ओहम झाला:

E = 220 − 20 × 3.5 = 150 व्होल्ट
N = 1050 × 150 ÷ 210 = 750

नवा वेग मिनिटाला 750 फेरे.

रोध वाढूनही प्रवाह तोच कसा, अशी शंका इथे येते. रोध घातल्या क्षणी वेग अजून 1050च असतो आणि बॅक ईएमएफ 210 व्होल्ट. उरलेले 10 व्होल्ट 3.5 ओहमवर पडतात, त्यामुळे प्रवाह जेमतेम 2.9 अँपिअरपर्यंत घसरतो. एवढ्या टॉर्कवर लोड ओढला जात नाही, म्हणून मोटर मंदावते. वेगाबरोबर बॅक ईएमएफ उतरतो आणि प्रवाह पुन्हा चढू लागतो. तो 20 अँपिअरला पोहोचला की लोडला लागणारा टॉर्क मिळतो आणि वेग 750 वर स्थिरावतो.

लोडचा टॉर्क निम्मा झाला, तर प्रवाह 10 अँपिअर, बॅक ईएमएफ 185 व्होल्ट आणि वेग 925 होतो. जादा रोध नसता, तर एवढ्याच बदलाने वेग 1050 वरून फक्त 1075 झाला असता. म्हणजे या पद्धतीत वेग लोडप्रमाणे बराच हलतो.

शिवाय पूर्ण लोडवर आर्मेचरच्या वाटेने घेतलेल्या 4400 वॅटपैकी 20 × 20 × 3, म्हणजे 1200 वॅट, जादा रोधात उष्णता होऊन जातात. म्हणून थोड्या वेळासाठी वेग कमी करायचा असेल तेव्हाच ही पद्धत परवडते.